शुगरच्या रुग्णाला उलट्या-ताप आला तर: आजारपणाचा कागद लिहिताना आणि वाचताना या चुका टाळा

मे महिन्यात खान्देशात लग्नं आणि ऊन दोन्ही एकदमच येतात. पारोळा तालुक्यातल्या एका घरातले नवरा-बायको लग्नाच्या पंगतीवरून आले आणि रात्रीपासून दोघांनाही उलट्या-जुलाब सुरू झाले. दोघांनाही शुगर. आप्पा 61 वर्षांचे. त्यांना सकाळी 20 आणि रात्री 14 युनिट 30/70 इन्सुलिन चालू होतं, शिवाय डापाग्लिफ्लोझिन-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड. काकूंना इन्सुलिन नाही, फक्त ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एक गोळी सकाळ-संध्याकाळ.

आप्पांनी इन्सुलिन बंद केलं. "पोटमा काही नही, मंग सुई कसाले लेवू?" हा त्यांचा सवाल होता. गोळ्या मात्र चालू ठेवल्या, कारण गोळी काय, घोटभर पाण्यासोबत जाते. काकूंनीही आपली गोळी न चुकता घेतली आणि दिवसभर नुसत्या पाण्यावर राहिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंना दरदरून घाम फुटला, त्या असंबद्ध बोलायला लागल्या, शुगर 48. आप्पांची शुगर 226 होती, म्हणून त्यांच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. संध्याकाळी ते धापा टाकू लागले. लघवीत कीटोन भरपूर निघाले आणि त्यांना धुळ्याला हलवावं लागलं.

दोघंही वाचले. घरात इन्सुलिन होतं, मीटर होतं, कळता मुलगा होता. अशा दिवशी काय करायचं हे लिहिलेला कागद मात्र नव्हता. आता दोघांचे दोन कागद घरात आहेत. असे कागद बनवताना आणि वापरताना होणाऱ्या चुका याच घरावरून सांगतो.

चूक पहिली: जेवण नाही म्हणून इन्सुलिन बंद

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ताप, जंतुसंसर्ग, उलट्या यांत शरीर कॉर्टिसोल, ॲड्रेनलिनसारखी ताणाची संप्रेरकं सोडतं आणि यकृत आपल्याकडची साखर रक्तात ओतत राहतं. म्हणून काही न खाताही शुगर चढते. त्यात इन्सुलिन थांबलं की शरीराला ती साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळायला घेतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात. कीटोन वाढले की मळमळ, उलट्या आणि पोटदुखी आणखी वाढते. घरच्यांना वाटतं पंगतीतलंच काही बाधलंय, आणि उलटीचं इंजेक्शन देऊन वेळ जातो.

म्हणून कागदाची पहिली ओळ मोठ्या अक्षरात हवी: "इन्सुलिन स्वतःहून पूर्ण बंद करायचं नाही." टाइप 1 च्या रुग्णासाठी ही ओळ जीव वाचवणारी आहे. दिवसातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन तो उपाशी असला तरी घेतोच.

30/70 चं गणित जरा अवघड आहे, कारण त्यात जलद आणि संथ असे दोन्ही भाग मिसळलेले असतात. पूर्ण डोस घेऊन काही खाल्लं नाही तर शुगर पडू शकते आणि डोस सोडला तर कीटोन. "डोस थोडा कमी करा" असं लिहून भागत नाही. रात्री दोन वाजता घाबरलेल्या मुलाने 'थोडा' म्हणजे किती समजायचं? आप्पांच्या कागदावर सकाळच्या सुईसाठी आता असं लिहिलंय: शुगर 200 च्या वर असेल आणि पेज पोटात राहत असेल तर 20 युनिट, 100 ते 200 असेल तर 12 युनिट, 100 च्या खाली असेल तर आधी साखरपाणी, अर्ध्या तासाने पुन्हा तपासणी, मग सुईआधी डॉक्टरांना फोन. हे आकडे त्यांचं वजन, किडनी आणि नेहमीचा डोस बघून ठरवले आहेत. कृपा करून ते दुसऱ्यासाठी उतरवून घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांकडून तुमचे आकडे असेच लिहून घ्या.

चूक दुसरी: गोळी साधी समजून चालू ठेवणं

इन्सुलिनची भीती वाटते, गोळीची वाटत नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मात्र गोळ्याच आधी थांबवायच्या असतात, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं.

काकूंच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पाणी कमी होऊन किडनी मंदावली की ते अंगात रेंगाळतं. म्हणूनच काकूंना साखरपाणी दिल्यावर शुगर 110 झाली आणि दोन तासांनी पुन्हा 62 वर आली. या गोळीने पडलेली शुगर एकदा वर आली की काम झालं असं समजून झोपू नका. पुढचं किमान एक दिवस-रात्र वारंवार तपासावी लागते आणि ती पुन्हा पडली तर दवाखानाच गाठायचा. मेटफॉर्मिन किडनी मंदावल्यावर अंगात साठतं आणि क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल वाढवतं.

आप्पांच्या डापाग्लिफ्लोझिनबद्दल जास्त सांगायला हवं. भारतातलं त्याचं पेटंट संपलं, ते स्वस्त झालं आणि आता गावोगावच्या मेडिकलमध्ये मिळतं. चांगलं औषध आहे, हृदयाला आणि किडनीला फायदा करतं. पण ते साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. त्यामुळे आजारपणात कीटोन वाढत असतानाही मीटरवर आकडा 180-250 एवढाच दिसू शकतो. आप्पांचा 226 हा तसला फसवा आकडा होता. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली कोणतीही गोळी उलट्या, मोठा ताप किंवा उपास पडला की त्याच दिवशी बंद करायची. आणि मळमळ, पोटदुखी, धाप असेल तर शुगर कितीही असो, कीटोन तपासायचे.

बीपीच्या गोळीतला लघवी वाढवणारा भाग आणि टेल्मिसार्टन यांचाही विचार व्हावा. जुलाब चालू असताना ती गोळी किडनीवर ताण आणते, म्हणून ती कधी थांबवायची हेही कागदावर डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, तापाला पॅरासिटामॉल पुरतं.

अडचण अशी की रुग्णाला औषधाचं नाव माहीत नसतं. "सकाळची गुलाबी गोळी" एवढंच ठाऊक असतं, आणि तिच्यात दोन औषधं आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं. कागदावर नुसतं "मेटफॉर्मिन बंद" लिहिलं तर ते काकूंपर्यंत पोहोचतच नाही. आम्ही रिकामी स्ट्रिप कागदाला टाचतो आणि तिच्यावर लाल पेनने फुली मारतो. मेडिकलवाल्याने कंपनी बदलली की नवी स्ट्रिप टाचायची.

चूक तिसरी: "साखर आहे" म्हणून ओआरएस नाकारणं, किंवा ओआरएसलाच जेवण समजणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या एक लिटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, तेही लिटरभर पाण्यात. शुगरच्या रुग्णाने ते घ्यावं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं, पेलाभर पाण्यात नव्हे. दुकानातल्या गोड पेयाच्या डब्यांना मात्र ओआरएस समजू नका. त्यांत साखर कितीतरी जास्त असते.

पण इतक्या कमी साखरेवर शरीर चालत नाही. इन्सुलिन घेतोय तर त्याला काहीतरी पिष्टमय लागतंच. भाकरी जात नसेल तर दर तासाला अर्धी वाटी तांदळाची पेज, ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील किंवा मुगाच्या डाळीचं मीठ घातलेलं पाणी. शुगर 250 च्या वर असेल तेव्हा साधं पाणी, ओआरएस, पातळ ताक यांवर भर द्या. उलटी झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने सुरू करा, पेला तोंडाला लावू नका. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असलेल्यांचं प्रमाण वेगळं लिहून घ्यावं लागतं.

चूक चौथी: कधी निघायचं ते न लिहिणं

"त्रास वाढल्यास दवाखान्यात या" ही ओळ निरुपयोगी आहे. प्रत्येकाला वाटतं अजून एवढा वाढला नाही. आप्पांच्या कागदावर लिहिलंय: दर चार तासांनी शुगर तपासायची, रात्रीही. चार तासांत पाण्याचा घोटही टिकला नाही, शुगर लागोपाठ दोनदा 300 च्या वर किंवा दोनदा 70 च्या खाली आली, लघवीच्या कीटोन पट्टीचा रंग दोन प्लस किंवा जास्त आला, सहा-आठ तास लघवी झाली नाही, श्वास खोल आणि जोरात चालू झाला किंवा माणूस गुंगीत गेला, तर यातलं एक जरी झालं तरी थांबायचं नाही. 108 ला फोन करायचा किंवा गाडी काढायची. कीटोन पट्टी घरात नसेल आणि रुग्ण ग्लिफ्लोझिन किंवा इन्सुलिनवर असेल तर सतत उलट्या हे एकच कारण निघायला पुरेसं आहे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात साखरपाणी ओतू नका.

गावातच सलाईन लावायचं ठरलं तर कागद आधी डॉक्टरांच्या हातात द्या. डेक्स्ट्रोज 5 टक्के असलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असतं. ते कधी गरजेचं असतं, कधी नसतं, पण रुग्ण शुगरचा आहे आणि सकाळची सुई घेतली की नाही हे त्यांना कळायलाच हवं. तापासाठी स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं गेलं असेल तर पुढचा दिवस-दोन दिवस शुगर चढलेली राहते, हेही विचारून ठेवा.

चूक पाचवी: साध्या सर्दी-तापातही सगळं बंद

कागद वाचून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ताप आहे, पण दोन भाकऱ्या खातोय, पाणी पितोय, जुलाब नाहीत, अशा माणसाने मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड थांबवायचं कारण नाही. फक्त शुगर जास्त वेळा तपासायची. काकूंच्या कागदावर म्हणून "ताप आला तर" असं लिहिलेलं नाही. "उलटी किंवा जुलाब, अथवा जेवण निम्म्याहून कमी" असं आहे. गोळी थांबवल्यावर शुगर 250 च्या वर राहिली तर फोन करायचा, कारण आजार उतरेपर्यंत त्यांनाही काही दिवस इन्सुलिन लागू शकतं.

आणि थांबवलेली गोळी कधी सुरू करायची? पहिली भाकरी पोटात टिकली म्हणून लगेच नाही, आणि महिनाभर विसरूनही नाही. खाणं-पिणं नेहमीसारखं होऊन 24 ते 48 तास झाले की सुरू करायची. कीटोनमुळे दवाखान्यात राहावं लागलं असेल तर ग्लिफ्लोझिन मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पुन्हा घ्यायची नाही. आप्पांची ती गोळी कायमची बंद झाली आहे, आणि तिची स्ट्रिप कागदावर मोठ्या फुलीसकट टाचलेली आहे, म्हणजे पुढच्या वेळी मेडिकलमधून चुकून तीच आणली जाणार नाही.