उसना कॉर्ड: सी मेजरच्या गाण्यात एफ मायनर कसा बसवावा

आमच्याकडे पोळ्याच्या सुमारास ओट्यावर भजनाची बैठक बसते. पेटी काकांकडे, खंजिरी शेजारच्यांकडे आणि गिटार माझ्याकडे. भजन संपलं की पोरं आपापली गाणी काढतात. बहुतेक गाणी चारच कॉर्डवर फिरतात: सी, ए मायनर, एफ, जी. चाल गोड असते, पण तिसऱ्या कडव्यापर्यंत कानाला पुढचं सगळं आधीच कळलेलं असतं. अशा गाण्यात एकच कॉर्ड बदलून रंग कसा आणायचा, ते इथे सांगतो. या युक्तीला मोडल इंटरचेंज म्हणतात. सा तोच ठेवायचा आणि त्याच सा-च्या मायनर सप्तकातला एखादा कॉर्ड उसना आणायचा.

आधी उसनं कोणाच्या घरून आणायचं, ते पक्कं करू. सी मेजर म्हणजे पांढरी एकचा सा आणि सगळे शुद्ध स्वर, आपला बिलावल थाट. सा तिथेच ठेवून गंधार, धैवत आणि निषाद कोमल केले की सी मायनर, म्हणजे आसावरी थाट. याच घरून कॉर्ड आणायचा. नवीन मुलं इथे हमखास घसरतात. "ए मायनर लावला, म्हणजे मायनरमधून घेतलाच की," म्हणतात. पण ए मायनरमध्ये एकही स्वर नवा नाही. त्याचे तिन्ही स्वर, ध, सा आणि ग, सी मेजरचेच आहेत. निदान एक तरी स्वर कोमल झाला, तरच उसनवारी झाली असं समजा.

सुरुवात एफपासून करा. एफचे स्वर म, शुद्ध ध, सा. एफ मायनरचे म, कोमल ध, सा. दोन स्वर तेच राहतात आणि फक्त धैवत अर्धा स्वर उतरतो. पुढे सी आला की तोच स्वर आणखी अर्धा उतरून पंचमावर बसतो. ध, कोमल ध, प हा उतार म्हणजेच या बदलाचा जीव. एफ मायनर हा नुसता उदास कॉर्ड म्हणून भावत नाही. त्यातला कोमल धैवत पंचमाकडे ओढ घेतो, म्हणून भावतो.

हा उतार गिटारवर डोळ्यांनी दिसतो. मधल्या चार तारांवरचा नव्हे, खालच्या चार तारांवरचा छोटा एफ धरा. तिसऱ्या तारेवर, म्हणजे जीच्या तारेवर, मधलं बोट दुसऱ्या घरात असेल. ते उचला आणि पहिलं बोट आडवं पसरून तिन्ही बारीक तारा पहिल्या घरात दाबा. झाला एफ मायनर. मग उघडा सी धरा. तीच तार आता मोकळी वाजते. दुसरं घर, पहिलं घर, मोकळी तार, असा अख्खा उतार एकाच तारेवर होतो.

```
F    xx3211
Fm   xx3111
C    x32010
```

एफ मायनर धरल्यावर तिसरी तार एकटी छेडून बघा. ती बसकी वाजली तर पहिलं बोट नीट आडवं झालेलं नाही. तो स्वर दबला तर सगळी मेहनत वाया, कारण उरलेले स्वर एफचेच आहेत.

पेटीवर काम याहून सोपं. पांढरी चार, पांढरी सहा आणि वरचा सा धरा. मधलं बोट पांढरी सहावरून काळी चारवर आणा. मग सीवर जाताना मधलं बोट पांढरी पाचवर आणि खालचं पांढरी तीनवर उतरवा. वरचा सा हलवूच नका. तो स्थिर राहिला तरच खालचा उतार कानात भरतो. तिन्ही बोटं उचलून दुसरीकडे नेली तर कॉर्ड बरोबर असूनही तो गोडवा येत नाही.

आता एका ओळीवर करून पाहू. मुलांनी स्वतः बांधलेलं गाणं होतं: "ढग आले, ढग गेले, वाट पाहते पऱ्हाटी." प्रत्येक कॉर्ड चार मात्रांचा. आधी ओळीचा शेवट जीवर होता. तिथे जी काढून आम्ही एफ मायनर ठेवला आणि "टी" हे अक्षर पुढच्या सीवर नेलं.

```
C         Am        F            Fm      C
ढग आले    ढग गेले    वाट पाहते     पऱ्हा    टी
```

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा काहीतरी खुपलं. कॉर्ड बरोबर होते. पण मूळ चालीत "पऱ्हा" शुद्ध धैवतावर होतं, त्यामुळे गळ्यात शुद्ध ध आणि गिटारवर कोमल ध एकाच वेळी वाजत होते. या युक्तीत सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच. ओळखायचं असं: गिटार बाजूला ठेवा, एफ मायनर येतो त्या चार मात्रांची चाल सरगमात म्हणा आणि शुद्ध ध कुठे लांबतो ते पाहा. जाता जाता लागून गेला तर चालतो, थांबला की खुपतो. उपाय दोन. तिथे सा किंवा म वर थांबावं, कारण ते दोन्ही कॉर्डांत आहेत. नाहीतर चालच कोमल धैवतावर आणावी. आम्ही दुसरा घेतला: "पऱ्हा" कोमल धैवतावर, "टी" पंचमावर. काका पेटीचा भाता थांबवून म्हणाले, "कोमल धैवत हाय न बाप्पा हा! मंग चोरून कावून म्हनून राह्यला, मोकळ्या गळ्यानं म्हन." त्यांना तो लगेच सापडला, कारण बाकी सगळे स्वर शुद्ध आणि धैवत तेवढा कोमल ही नटभैरवाची स्वरावली आहे. कॉर्ड लावला म्हणून राग होत नाही, पण गाणाऱ्याला तो स्वर नेमका लावायला ही ओळख फार कामाची.

एफ मायनरच्या आधी एफ ठेवायचाच, असा माझा आग्रह आहे. सीवरून थेट एफ मायनर घेतला तरी वाजतो, पण शुद्ध धैवत आधी ऐकलेलाच नसेल तर तो उतरला हे कानाला कळत नाही. आणि हा बदल प्रत्येक ओळीत करू नका. आम्ही पहिल्या ओळीत जी तसाच ठेवला आणि ध्रुपदाच्या शेवटच्या ओळीत एकदाच एफ मायनर घेतला.

गाणारा काळी एकमध्ये गात असेल तर कॅपो पहिल्या घरात लावा आणि बोटं तीच ठेवा. जी मेजरमध्ये वाजवत असाल तर मध्यमावरचा कॉर्ड सी येतो, म्हणून बदल सी मेजर ते सी मायनर असा होईल.

एफ मायनर हातात बसला की गाण्याच्या अगदी शेवटी त्याच घरून आणखी दोन कॉर्ड आणता येतात: कोमल धैवतावरचा मेजर आणि कोमल निषादावरचा मेजर, दोन्ही एकेक पूर्ण स्वर चढत सीवर पोचतात.

```
Ab   Bb   C
```

पहिल्यात कोमल ग आहे, म्हणून त्यावर शुद्ध ग लांबवू नका. गाणाऱ्याने तिथे वरचा सा धरून ठेवावा. पहिल्या कॉर्डवर तो मुरतो, दुसऱ्यावर जरा अधांतरी लटकतो आणि सी आला की गळा न हलवता घरी पोचतो. आम्ही "टी" त्या शेवटच्या वेळी असंच बारा मात्रा धरतो आणि खंजिरी सीच्या पहिल्या मात्रेवर पडते.