टॉवेल पाणीच टिपेना!

टॉवेल मऊ लागायचा, पण अंग पुसलं की पाणी नुसतं इकडून तिकडे सरकायचं. कोरड्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब टाकून पाहिला, तर तो मोत्यासारखा तसाच बसून राहिला! तेव्हा कुठे फॅब्रिक सॉफ्टनरवर संशय आला.

सॉफ्टनरमधले रेणू एका टोकाने धाग्याला चिकटतात आणि त्यांची तेलकट शेपटी बाहेर राहते. मऊपणा येतो तो त्या शेपट्यांमुळेच, आणि पाणी आत शिरत नाही तेही त्यांच्यामुळेच. साध्या धुण्याने हा थर पुरता निघत नाही, दर वेळी वर नवा चढतो.

सॉफ्टनर बंद केलं. टॉवेल ६० अंशांच्या पाण्यात, नेहमीच्या पावडरीत थोडा धुण्याचा सोडा घालून धुतले. तिसऱ्या धुण्यानंतर थेंब टाकल्याटाकल्या आत गेला.

व्यायामाच्या टी-शर्टचंही तेच झालं होतं. पॉलिएस्टर स्वतः घाम पीत नाही, धाग्यांमधल्या बारीक फटींतून तो बाहेर खेचला जातो. फटींच्या भिंती तेलकट झाल्या की घाम अंगावरच राहतो. त्याला मात्र गरम पाणी नको. कोमट पाणी, कमी पावडर आणि एक जादा खळबळणं पुरलं.