कन्फ्युजन मॅट्रिक्सच्या प्रश्नात मार्क कुठे जातात? या चुका टाळा

पेपरमध्ये प्रश्न साधारण असा येतो: १०,००० ट्रान्झॅक्शन्स, त्यातली १०० फ्रॉड, मॅट्रिक्स दिलेली, आता ॲक्युरसी, प्रिसिजन, रिकॉल काढा. फॉर्म्युले सगळ्यांना पाठ असतात, मार्क जातात ते कुठला आकडा कुठून उचलला यात.

```
[[9770  130]
 [  30   70]]
```

डावीकडे वरचा आकडा TP धरून मोकळं होऊ नका. बऱ्याच नोट्समध्ये TP तिथेच असतो म्हणून हात आपोआप तिकडे जातो, पण scikit-learn च्या आउटपुटमध्ये ओळी म्हणजे खरं काय होतं, कॉलम म्हणजे मॉडेल काय म्हणालं, आणि ० क्लास, म्हणजे इथे फ्रॉड नसलेला, आधी येतो, म्हणून तिथे TN बसतो. चुकीचं वाचलं की प्रिसिजन ९९.७ टक्के येतं, आणि एवढा छान आकडा बघून कोणी परत तपासतही नाही. तपासायचं कसं, तर TP आणि FN ची बेरीज खऱ्या फ्रॉडइतकी यायलाच हवी. इथे ३० + ७० = १००, म्हणजे खालची ओळ फ्रॉडची. TP ७०, FN ३०, FP १३०.

मग प्रिसिजन ७०/२०० म्हणजे ३५ टक्के आणि रिकॉल ७०/१०० म्हणजे ७० टक्के. या दोघांची अदलाबदल होत असेल तर एवढंच बघा: मॉडेलने ज्यांना फ्रॉड म्हटलं ते २०० खाली घेतले की प्रिसिजन, खरे फ्रॉड होते ते १०० खाली घेतले की रिकॉल.

आता ॲक्युरसी. (९७७० + ७०)/१०००० म्हणजे ९८.४ टक्के. आणि डोळे मिटून सगळ्यांना "फ्रॉड नाही" म्हणणारं मॉडेल? त्याची ९९ टक्के! एकही फ्रॉड न पकडता ते पुढे गेलं. इथे बरेचजण "डेटा इम्बॅलन्स्ड आहे म्हणून ॲक्युरसी चुकीची" एवढंच लिहून थांबतात, आणि मग अर्धेच मार्क मिळतात, कारण खरं कारण लिहायचं राहून जातं. ॲक्युरसीच्या वरच्या बेरजेत TN येतो, तो ९७७० सारखा अवाढव्य असला की ७० असो वा ० असो, टक्क्यांत फरक जेमतेम दिसतो. प्रिसिजन आणि रिकॉलच्या फॉर्म्युल्यात TN नाहीच, म्हणून तिथे लपायला जागा नाही. हे दोन मॉडेल शेजारी मांडून लिहा, उत्तर लगेच पटतं.

त्या आळशी मॉडेलचं प्रिसिजन विचारलं तर बरेचजण सरळ ० लिहितात. TP पण ०, FP पण ०, म्हणजे ०/० झालं, ते अनडिफाइन्ड लिहायचं. scikit-learn वॉर्निंग देऊन ० दाखवतं, पण ती लायब्ररीची सोय आहे. रिकॉल मात्र ०/१००, तिथे ० बरोबर.