चॅटमध्ये मराठी शब्द सर्च करताय आणि मेसेज सापडत नाहीये? या चुका टाळा

मागे एकदा ताईने एका कपाटाच्या चाव्या कुठे ठेवल्यात ते मेसेज करून सांगितलं होतं. नंतर मी तिला तेच दोनदा फोन करून विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची हिंमत नव्हती म्हणून म्हटलं चॅटमध्ये शोधू, त्यात काय एवढं. आधी chavi टाकलं तर एका भाजीचं कौतुक करणारा chavishta वाला मेसेज आला, बाकी काही नाही. मग चावी टाकलं, तर तीन मेसेज आले पण तिघांचाही कपाटाशी संबंध नाही. मग आठवलं की ती "दुसऱ्या कपाटाच्या" असं काहीतरी म्हणाली होती, म्हणून दुसऱ्या टाकलं. शून्य. मेसेज डिलीट झाला असं धरून मी गप्प बसलो, आणि नंतर नुसतं दुस टाकल्यावर तो हाताला लागला:

"दुसर्‍या कपाटाच्या चाव्या वरच्या खणात आहेत"

एकाच मेसेजने मला तीन वेळा हुलकावणी दिली आणि तिन्ही वेळा कारण वेगळं होतं. ती कारणं एकदा कळली की पुढच्या वेळी कपाळाला हात लावायची वेळ येत नाही.

पहिली चूक: ॲपला उच्चार कळतो असं समजणं

आपल्या डोक्यात chavi आणि चावी हा एकच शब्द आहे, कारण आपण तो मनात वाचतो. चॅटचा सर्च वाचत वगैरे नाही. प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये एक नंबर असतो आणि सर्च साधारणपणे फक्त नंबरांची रांग जुळतेय का ते बघतो. c चा नंबर U+0063, च चा U+091A, यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. इंटरनेटवरच्या सर्च इंजिनांना रोमनमध्ये मराठी टाकलं तरी ती बऱ्याचदा देवनागरी पानं दाखवतात, त्यामुळे आपल्याला सवय लागते, पण ती वेगळी मोठी यंत्रणा झाली. चॅटमधून तेवढं मिळेल असं धरूनच चालू नका, दोन्ही लिपीत वेगवेगळं शोधा.

आता इथे एक गंमत आहे जी बरेच जण विसरतात. "ताई तर इंग्रजीतच टाइप करते" म्हणून मी आधी रोमनमध्ये शोधत बसलो. पण ती कॉम्प्युटरवर ज्या टूलमध्ये टाइप करते त्यात बोटं इंग्रजी अक्षरांवर पडतात आणि मेसेजमध्ये देवनागरी उमटतं, फोनच्या कीबोर्डमध्येही अशी सोय असते. मेसेजमध्ये जे दिसतं तेच साठवलं जातं, बोटांनी काय दाबलं त्याचा मागमूस राहत नाही. त्यामुळे समोरचा टाइप कसा करतो ते आठवू नका, त्याचे मेसेज स्क्रीनवर कसे दिसतात ते वर स्क्रोल करून बघा. आणि तुमचा स्वतःचा कीबोर्डही बघा, कारण सर्चच्या चौकटीत तुम्ही chavi लिहिता आणि स्पेस दाबताच तो त्याचं चावी करून टाकतो आणि तुम्हाला वाटतं रोमनमध्ये शोधून झालं.

दुसरी चूक: रोमनमध्ये एकच स्पेलिंग करून हार मानणं

रोमन मराठीला शुद्धलेखनाचे नियमच नाहीत. चावीमधला आ कुणी a लिहितं कुणी aa, व साठी v किंवा w, शेवटच्या ई साठी i किंवा ee. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे एवढ्याशा शब्दाची आठ स्पेलिंगं झाली आणि आठही बरोबर. माझा हा शब्द maza, majha, mazha असा तीन तऱ्हांनी तर सर्रास दिसतो. क्ष असेल तर ksh आणि x, ज्ञ असेल तर dny आणि gy. एकच माणूस एकाच दिवसात दोन स्पेलिंग वापरतो, मी स्वतः वापरतो.

उलट बाजूने रोमनमध्ये फापटपसाराही जास्त येतो, कारण च आणि चा, ल आणि ळ, न आणि ण हे सगळे तिथे एकमेकांत मिसळून जातात. म्हणूनच chavi टाकल्यावर chavishta आलं. देवनागरीत चावी टाकल्यावर चविष्ट येणं शक्यच नाही, कारण चावीत च नंतर काना आहे आणि चविष्टमध्ये नाहीये. थोडक्यात देवनागरीत रिझल्ट कमी येतात पण नेमके येतात, रोमनमध्ये भलतेसलते येतात आणि तरी हवा तो राहून जातो, म्हणून दोन्हीकडचे आकडे कधीच जुळत नाहीत.

रोमनमध्ये शोधताना मी काय करतो, तर शब्दातला जो स्वर दोन तऱ्हांनी लिहिला जाऊ शकतो त्याच्या आधीच थांबतो, किंवा सरळ त्या वाक्यातला दुसरा शब्द धरतो ज्याचं स्पेलिंग फारसं बदलत नाही. password, photo, link असे मूळचे इंग्रजी शब्द सगळ्यात भरवशाचे, फक्त समोरच्याने देवनागरीत पासवर्ड लिहिलं नसेल तर. आकडेही चांगले, पण काही कीबोर्ड ५ देतात काही 5, आणि सर्चच्या लेखी हे दोन वेगळे असू शकतात.

तिसरी चूक: डिक्शनरीतला शब्द शोधणं

हे मराठीचं खास दुखणं. इंग्रजीत key चं keys झालं तरी key आत शाबूत राहतो, आपल्याकडे चावीचं चाव्या होतं आणि दीर्घ ई गायबच होते. पत्ताचं पत्त्यावर, भाडंचं भाड्याचं. शिवाय कुणी भाडे लिहितं कुणी भाडं. पूर्ण शब्द टाकलात तर ज्यात तो जसाच्या तसा आहे तेवढीच रूपं मिळणार. ताईने चाव्या लिहिलं होतं आणि मी चावी शोधत होतो, मग कसं सापडणार.

म्हणून रूप बदललं तरी जो तुकडा बदलत नाही तेवढाच टाका: चाव, पत्त, भाड. चाव टाकलं की चावी, चावीला, चाव्या, चाव्यांचा सगळं येतं, सोबत कुणाला तरी काहीतरी चावलं तेही येतं, पण ते चालवून घ्यायचं. मात्र हे सगळीकडे चालत नाही. काही ॲप अर्ध्या अक्षरावर तुकडा जुळवतच नाहीत, म्हणजे त्यांच्या हिशोबाने व आणि वी ही दोन वेगळी अखंड अक्षरं आहेत, तिथे चाव टाकून चावी मिळत नाही आणि दोन्ही रूपं वेगवेगळी टाकावी लागतात.

चौथी चूक: सारखं दिसतं म्हणजे सारखंच असं मानणं

यात सगळ्यात जास्त लोक फसतात कारण डोळ्यांना काहीच दिसत नाही. दुसऱ्या मधला तो अर्धा र घ्या. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो:

```
ऱ्या   U+0931 U+094D U+092F U+093E
र्‍या   U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
```

पहिल्यात ऱ हे वेगळंच अक्षर आहे. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये U+200D, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, जो स्क्रीनवर अजिबात दिसत नाही. दोन्ही स्क्रीनवर हुबेहूब. माझ्या फोनचा कीबोर्ड पहिला प्रकार देतो, ताईचं जुनं टूल दुसरा. म्हणून दुसऱ्या टाकल्यावर शून्य, आणि दुस टाकल्यावर लगेच, कारण वादाचं अक्षर यायच्या आधीच मी थांबलो होतो. भरीला कुणी जॉइनर न टाकता दुसर्या लिहितं, तो तिसरा प्रकार, पण त्यात रफार वर गेलेला निदान दिसतो तरी.

ॲ चंही तेच. ॲ हे एकसंध अक्षर U+0972 युनिकोडमध्ये 2008 मध्ये आलं. त्याआधीची सवय अ वर चंद्र देण्याची, ती अजून कितीतरी कीबोर्डांत आहे, काही मध्ये तो जॉइनरही घालतात, आणि काही लोक ऍ लिहितात ते आणखी वेगळं. इथे घोळ शब्दाच्या सुरुवातीलाच आहे म्हणून तुकडा तोडून उपयोग नाही, बाजूचा शब्द शोधा.

घोळ हाच आहे का ते कसं ओळखायचं? त्याच माणसाचा दुसरा कुठलाही मेसेज घ्या ज्यात तो शब्द आहे, मेसेज कॉपी करा, सर्चमध्ये पेस्ट करून त्या शब्दाशिवाय बाकी सगळं खोडून टाका. पेस्ट केल्यावर सापडतंय आणि हाताने टाइप केल्यावर नाही, म्हणजे दिसायला सारखी पण आतून वेगळी अक्षरं, दुसरं काही नाही.

तुमचं ॲप काय करतं ते एकदा तपासून ठेवा

स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय असेल तर तिथे, नाहीतर घरातल्या कुणाच्या तरी चॅटमध्ये, चावी, चाव्या, chavi, chaavi आणि वर दिलेले दोन्ही दुसऱ्या, असे सहा वेगळे मेसेज टाका. मग चाव शोधा, चावी आणि चाव्या दोन्ही आले तर तुकडा चालतो. avi शोधा, chavi आणि chaavi आले तर शब्दाच्या मधूनही जुळतं, नाहीतर सुरुवातीपासूनच टाकावं लागेल. शेवटी दुसऱ्या शोधा, दोन्ही आले तर नशीबवान आहात, तुमचं ॲप न दिसणाऱ्या फरकाकडे दुर्लक्ष करतं. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि खरंच काहीच हाती लागत नसेल, पण मेसेज आहे याची खात्री असेल, तर चॅट एक्सपोर्ट करा. बऱ्याच ॲपमध्ये txt फाइल मिळते. ती रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शब्दाऐवजी अक्षरांचा नमुना देऊन शोधणं, चालणाऱ्या एडिटरमध्ये उघडून Ctrl+F मध्ये तो पर्याय चालू केला की दोन्ही लिप्या एकदम शोधता येतात:

```
चाव|cha+[vw](i|ee|y)
```

उभ्या रेघेचा अर्थ "किंवा". a+ म्हणजे a एक किंवा जास्त, [vw] म्हणजे दोघांपैकी कुठलंही, आणि शेवटचा y हा chavya साठी. मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांचा फरक बंद ठेवायला विसरू नका, नाहीतर वाक्याच्या सुरुवातीचं Chavi निसटेल. chavishta यातही येणारच, त्याला इलाज नाही.

एवढं करूनही नाही मिळालं तर तो मेसेज अक्षरांत नसेलच, व्हॉइस मेसेज असेल किंवा चिठ्ठीचा फोटो असेल, तिथे शब्द टाकण्यापेक्षा त्या चॅटमधली मीडियाची यादी तारखेनुसार चाळलेली बरी. फोन नुकताच बदलला असेल तर जुने मेसेज इकडे आलेत का तेही आधी बघा. माझ्या बाबतीत तसं काही नव्हतं. चाव्या वरच्याच खणात होत्या, ताईला अजून माहीत नाही की मी तिसऱ्यांदा विसरलो होतो.