संबंधित पक्षांची यादी पूर्ण आहे का हे तपासताना या चुका टाळा

संबंधित पक्षांच्या ऑडिटमध्ये सर्वांत जास्त वेळा होणारी चूक दिशेची असते. व्यवस्थापन यादी देते, आपण त्या यादीतील प्रत्येक नावाची खातेवही उघडून रकमा जुळवतो, आणि टिपणीला बरोबरची खूण करतो. यातून एवढेच सिद्ध होते की जे सांगितले ते खरे आहे. जे सांगितले नाही ते शोधायचे तर उलट बाजूने, म्हणजे पुरवठादार आणि ग्राहकांच्या संपूर्ण यादीपासून निघून माणसांपर्यंत पोहोचावे लागते.

दुसरी चूक संचालकाच्या एमबीपी-१ वर विसंबण्याची. कंपनी कायद्याच्या कलम १८४ खाली संचालक त्या फॉर्मवर स्वतःचे हितसंबंध कळवतो. मुलीच्या किंवा भावाच्या मालकीच्या पेढीचा उल्लेख त्यात येईलच असे नाही. म्हणून तो फॉर्म प्रामाणिकपणे भरलेला असूनही आपल्या कामाला अपुरा पडतो. कंपनी कायद्यातील नातेवाईकांची, म्हणजे पती किंवा पत्नी, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ आणि बहीण यांची, पॅनसह स्वतंत्र यादी संचालकाकडून लेखी मागावी. अविभक्त हिंदू कुटुंब असल्यास त्याचे सदस्यही त्यात धरावेत.

इंदूरच्या सांवेर रोडवरील एका खोके बनवणाऱ्या खासगी कंपनीत हे मला नेमके समजले. क्राफ्ट कागदाचा एक पुरवठादार वडोदऱ्याचा होता, मालकी पेढी होती, मालकिणीचे आडनाव संचालकांच्या आडनावाशी जुळत नव्हते आणि ३१ मार्चची बाकी शून्य होती. मागील वर्षी आम्ही ते खाते उघडलेही नव्हते, कारण नमुना आम्ही मोठ्या बाकीवरून निवडला होता. त्या वर्षी मात्र बँकेचे विवरण एप्रिलअखेरपर्यंत वाचले, तेव्हा दिसले की नोव्हेंबरपासून या पेढीकडे असलेले ४० लाखांचे आगाऊ पैसे २९ मार्चला परत आले आणि ४ एप्रिलला तेवढेच पुन्हा गेले.

नाते सापडले ते मात्र बँकेच्या कर्जमंजुरी पत्रात. तेथे हमीदारांची नावे पॅनसह असतात आणि संचालकांची विवाहित मुलगी त्यांत एक होती. लग्नानंतर आडनाव बदलते, पॅन तोच राहतो. जीएसटी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात (मध्य प्रदेश २३, गुजरात २४) आणि पुढची दहा अक्षरे पॅनची, त्यामुळे क्रमांक `A2` मध्ये असेल तर तो असा वेगळा काढता येतो:

```
=MID(A2,3,10)
=MID(A2,6,1)
```

पहिल्या सूत्राने पॅन मिळतो. दुसऱ्याने त्याचे चौथे अक्षर मिळते, ज्यात `P` म्हणजे व्यक्ती, `F` म्हणजे भागीदारी आणि `C` म्हणजे कंपनी. सर्व पुरवठादारांचे पॅन काढून ते नातेवाईकांच्या आणि हमीदारांच्या पॅनशी ताडून पाहण्याचे काम तासाभरात होते. भागीदारी आणि कंपन्यांसाठी ते पुरत नाही. तेथे भागीदार व संचालकांची नावे स्वतंत्र पाहावी लागतात.

पुढची तपासणी दराची होती. ई-वे बिलांवर माल पीथमपूरच्या कागद गिरणीतून थेट सांवेर रोडला आलेला होता, बिल मात्र वडोदऱ्याचे. त्याच गिरणीकडून कंपनी स्वतः ३४ रुपये किलोने कागद घेत होती आणि या पेढीला ३६.५० देत होती. वर्षातील ५०० टनांवर फरक १२.५० लाखांचा झाला.

येथे लेखापालाने मांडलेला मुद्दा मी अनेकदा ऐकला आहे: एकूण खरेदी १.८२ कोटी, उलाढाल ३८ कोटी, म्हणजे दहा टक्क्यांच्या आत, मग सांगायचे कशाला? ती मर्यादा कलम १८८ खाली भागधारकांच्या मंजुरीची आहे. एएस १८ खालचे प्रकटीकरण तिच्यावर अवलंबून नाही, आणि दर बाजारभावाचा नसल्यास संचालक मंडळाची मंजुरी लागतेच. बाकी शून्य असली तरी वर्षभरातील व्यवहारांचे प्रमाण टिपणीत द्यावे लागते. मालाशिवाय पडून राहिलेले ४० लाख खरे आगाऊ पैसे होते की मुलीला दिलेले कर्ज, हा कलम १८५ चा प्रश्न आम्ही वेगळा नोंदवला.

असा पक्ष सापडल्यावर फक्त तेवढी एक ओळ टिपणीत वाढवून थांबणे ही आणखी एक चूक आहे. एसए ५५० नुसार व्यवस्थापनाकडून त्या पक्षाशी झालेले सगळे व्यवहार मागवावे लागतात, यादीतून नाव का सुटले हे विचारावे लागते, आणि ते मुद्दाम लपवले असे दिसल्यास त्याच व्यवस्थापनाच्या इतर लेखी निवेदनांवर किती विश्वास ठेवायचा याचा फेरविचार करावा लागतो.

पॅन ताडण्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. पेढी ड्रायव्हरच्या किंवा जुन्या नोकराच्या नावावर असेल तर पॅन कुठेच जुळणार नाही. तेथे एकच मोबाइल क्रमांक, एकच पत्ता, एकच बँक खाते, वेगळा दर आणि ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे फिरलेला पैसा, एवढेच धागे हाती राहतात.