एकाच निबंधाला ७३ आणि २७: डिटेक्टर वापरताना या चुका टाळा

माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला येणाऱ्या, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलीने गड्ड्याच्या जत्रेवर निबंध लिहिला. एआय डिटेक्टरने, म्हणजे मजकूर एआयने लिहिलाय का हे ओळखू पाहणाऱ्या साधनाने, ७३ टक्के दाखवले. घाबरून तिने दोन स्वल्पविराम काढले, `very important` मधलं `very` उडवलं. आकडा २७ वर आला. "सर, निबंध तर तोच आहे ना?"

तोच आहे. चूक आकडा वाचण्यात होते. पुढचा शब्द मागच्या शब्दांवरून किती सहज ओळखता येतो, हे बरेच डिटेक्टर पाहतात. मधला एक शब्द काढला की पुढच्या सगळ्यांचा हिशोब बदलतो. त्यातून आत एक गुण निघतो आणि तो ० ते १०० मध्ये बसवला जातो. नेहमीच्या पद्धतीत आतला गुण +१ असेल तर बाहेर ७३ दिसतात, −१ असेल तर २७. पण गुण ६ वरून ४ वर आला, म्हणजे तेवढाच घसरला, तर ९९.८ चे फक्त ९८.२ होतात. ५० च्या आसपास जरासा धक्काही मोठा दिसतो. म्हणजे असा उडणारा आकडा 'मला ठरवता येत नाही' एवढंच सांगत असतो.

टक्का प्रत्येक ठिकाणी एकाच गोष्टीचा नसतो, हेही विसरलं जातं. टर्निटिन या डिटेक्टरमध्ये तो शक्यतेचा नसून मजकुराचा किती भाग एआयचा वाटला त्याचा असतो. समजा वाक्य एआयचं धरायची रेघ ५० ला आहे आणि २० पैकी ८ वाक्यं ५२ वर आहेत. निकाल ४० टक्के. ती ८ वाक्यं ४९ वर सरकली की निकाल शून्य! टर्निटिन १ ते १९ मधला नेमका आकडा दाखवतच नाही, तिथे तारांकन येतं, कारण त्या पट्ट्यात खोटे आरोप जास्त होतात.

तपासायचं असेल तर आधी मजकूर जसाच्या तसा दोनदा टाका. पीडीएफमधून उचलू नका, ओळी तुटतात आणि वाक्यं वेगळी मोजली जातात. मग मूळ प्रतीच्या पाच नकला करा, प्रत्येकीत एकच निरुपद्रवी बदल करा आणि सगळ्यात कमी व सगळ्यात जास्त आकडा लिहून ठेवा. शिक्षकांनाही एक आकडा नव्हे, हा पट्टा दाखवा. मात्र आकडा स्थिर राहिला म्हणजे बरोबरच, असंही नाही. २०२३ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध तपासले, त्यातले सरासरी निम्म्याहून जास्त डिटेक्टरांनी एआयचे ठरवले. साधे, ओळखीचे शब्द हाच त्यांचा गुन्हा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे आकड्यासाठी निबंध कापणं. या पोरीने २७ चे आणखी कमी करायला जत्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी आजोबा माग बंद ठेवतात, ते वाक्यच काढलं होतं. मी ते परत घालायला लावलं. आकडा ४१ झाला. तिने गुगल डॉक्समधला बदलांचा इतिहास उघडून मॅडमना दाखवला आणि निबंध तसाच दिला.