शेजारच्या केटररला एकत्र ऑफरचा ई-मेल: या चुका टाळा

फुलांचं दुकान आणि केटरर एकाच रस्त्यावर असतात, लग्नघरंही बहुतेक तीच असतात. तरी फूलवाल्याच्या ई-मेलला उत्तर येत नाही. बहुतेक वेळा मजकूर असा असतो: ‘आपण मिळून ग्राहकांना 10 टक्के सूट देऊ, दोघांचाही फायदा होईल.’

खरी अडचण या 10 टक्क्यांत आहे. समजा, सजावट 25,000 रुपयांची आहे, आणि जेवण 350 रुपये ताट या दराने 200 माणसांचं, म्हणजे 70,000 रुपयांचं. टक्का सारखाच, पण तुमचे 2,500 जातात आणि केटररचे 7,000. शिवाय किराणा, गॅस आणि वाढप्यांची मजुरी दर ताटामागे ठरलेली, त्यामुळे ती सूट थेट त्याच्या नफ्यातून जाते. हा हिशेब तो मनातल्या मनात करतो आणि मेल बंद करतो.

म्हणून टक्के नकोत, वस्तू द्या. त्याच्याकडे 200 ताटांच्या वर बुकिंग करणाऱ्याला तुमच्याकडून दाराला झेंडूचं तोरण, तुमच्याकडे सजावट ठरवणाऱ्याला त्याच्याकडून पाहुण्यांना कोकम सरबत. ज्याची वस्तू, त्याचा खर्च. हे वाक्य मेलमध्ये स्पष्ट असू द्या, कारण पुढचे बहुतेक वाद ‘हे पैसे कोणी द्यायचे’ यावरूनच होतात.

जेवण आणि सजावट एकाच किमतीचं पॅकेज म्हणून विकायचं सुचवू नका. जीएसटीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच किमतीत विकल्या, तर पूर्ण रकमेवर त्यातला जास्तीचा दर लागू शकतो. बिलं वेगवेगळीच ठेवा.

‘तुमच्या ग्राहकांचे नंबर पाठवा’ हेही लिहू नका. ग्राहकाने तो नंबर त्याला दिलाय, तुम्हाला नाही. दोघांनी आपापल्या ग्राहकांना आपणच निरोप पाठवावा.

वेळेचं म्हणाल, तर तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की केटररला मान वर करायला फुरसत नसते. पितृपक्षात लग्नं नसतात, तेव्हा लिहा. आणि दहा-बारा एमबीचा फोटो अल्बम जोडू नका, एक फोटो पुरतो.

मेल साधारण असा हवा:

विषय: लग्नसराईसाठी तोरण आणि सरबत, तुमचं मत हवं

नमस्कार दादा, मी कोपऱ्यावरच्या फुलांच्या दुकानातून लिहितोय. 200 ताटांच्या वर बुकिंग करणाऱ्या तुमच्या ग्राहकाला माझ्याकडून झेंडूचं तोरण, माझ्या सजावटीच्या ग्राहकाला तुमच्याकडून कोकम सरबत, असं तुळशीच्या लग्नापासून 15 जानेवारीपर्यंत करून पाहू या का? खर्च ज्याचा त्याचा, बिलं वेगळी. कोणाकडून किती ग्राहक आले, ते दोघंही वहीत लिहून ठेवू. मंगळवारी चार वाजता दहा मिनिटं येऊ का?

चार-पाच दिवसांत उत्तर नाही आलं, तर दुसरा मेल धाडू नका. दुपारची गर्दी ओसरली की दुकानात जा आणि तोरणाचा नमुना सोबत न्या.